कूस बदलली की घर फिरतं? एपली करण्याआधी डोळे बघा

आपल्याकडे भोवळ, अशक्तपणा, गरगरणं या सगळ्यालाच ‘चक्कर’ म्हणतात. मग कोणी पित्त म्हणतं, कोणी मानेचे मणके, कोणी लिंबू सरबत हातात देतं. मी इंदूरमध्ये गेली चौदा वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि पहिला प्रश्न एकच विचारते: कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरगर फिरते, आणि मिनिटभरात थांबते का? उत्तर ‘हो’ आलं तर बहुतेक वेळा कानातले खडे जागचे हललेले असतात.

प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात, द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, नळीच्या तोंडाशी असलेला मऊ पडदा वाकतो आणि डोकं कुठे वळलं ते मेंदूला कळतं. मेंदू लगेच डोळे तितकेच उलट दिशेला फिरवतो, म्हणून चालताना समोरची पाटी हलत नाही. शेजारच्या पिशवीतले कॅल्शियमचे बारीक खडे सुटून मागच्या नळीत घरंगळले की आडवं होताना ते द्रव ओढत नेतात. डोकं थांबलेलं असतं, तरी पडदा वाकतो. मेंदूला वाटतं आपण फिरतोय, म्हणून डोळे हळू सरकतात आणि झटक्यात परत येतात. आपल्याला दिसतो तो हा झटका. तो मुद्दाम थांबवता येत नाही. चक्करेच्या गोळीने मळमळ कमी होईल, पण खडे नळीतून निघणार नाहीत. महिनोन् महिने गोळ्या घेत राहणं मला मुळीच मान्य नाही.

उपाय म्हणजे ‘एपली’, म्हणजे डोकं आणि अंग ठरावीक क्रमाने वळवत ते खडे नळीतून बाहेर घरंगळवणं. पण त्याआधी कान कोणता ते कळायला हवं, आणि मी सुरुवातीला चुकत होते ते इथेच.

पलंगावर पाय लांब करून बसवा. उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्याखाली येईल. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवून, ते उशीपलीकडे थोडं मागे झुकेल असं पटकन आडवं करा. डोळे उघडेच ठेवायला सांगा आणि थांबा. निदान ३० सेकंद थांबा.

लोकमान्यनगरच्या माझ्या आत्यांना मी असंच निजवलं होतं. तीन सेकंद डोळे स्थिर दिसले, म्हणून मी त्यांना उठवलं आणि डावा कान ठरवून टाकला. तीनदा डावी एपली केली. आत्यांना उलटी झाली, चक्कर तशीच राहिली. दुसऱ्या सकाळी पुन्हा उजवीकडे निजवून मी मनात आकडे मोजत राहिले. सातव्या आकड्याला त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, “अगं, पडले मी!” बुबुळाजवळ पांढऱ्यावर एक लाल शीर होती, ती खालच्या, म्हणजे उजव्या कानाकडे झटके देत फिरत होती आणि डोळे कपाळाकडे उसळत होते. पंधरा सेकंदांत सगळं शांत. खडे घरंगळायला वेळ घेतात, म्हणून चक्कर उशिरा येते. ते तळाशी बसले की थांबते. घाईने उठवलंत तर रिकामा कान ‘आजारी’ ठरेल.

डोळे लगेच उसळायला लागले आणि थांबेचनात, किंवा सरळ हनुवटीकडे उसळत असतील, तर एपली करू नका. बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, हातापायातली शक्ती जाणं, उभंच राहता न येणं यातलं काही असेल तर तडक इस्पितळ गाठा. पडून राहूनही दिवसभर गरगरतं तेव्हा बहुधा कानाची नस सुजलेली असते. एका बाजूचा संदेश कमी पडतो आणि डोळे चांगल्या कानाकडे झटके देतात. तिथे एपलीचा उपयोग नाही. मानेचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर घरी करूच नका, आणि पहिल्या वेळी डॉक्टरांकडून कान नक्की करून घ्या.

उजवा कान ठरला की पुढचं सोपं आहे. त्याच स्थितीत चक्कर थांबेपर्यंत आणि वर ३० सेकंद राहा. डोकं मागे झुकलेलंच ठेवून डावीकडे ९० अंश वळवा, ३० सेकंद. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा ३० सेकंद. हनुवटी छातीशी ठेवून सावकाश उठवा आणि धरून बसा, कारण याच क्षणी तोल जातो. डावा कान असेल तर सगळं उलट.

थोड्या वेळाने पहिली चाचणी पुन्हा करा. डोळे हलले तर आणखी एकदा एपली. आत्यांना दोनदा करावी लागली. एक-दोन दिवस त्यांना पाय हलके वाटत होते, पण त्या रात्री त्या उजव्या कुशीवर झोपल्या.