पॅनोरमात अर्धा माणूस आणि तुटलेला कठडा: या चुका टाळा

रुंद पायऱ्या, मागे लांबलचक इमारत, पुढे लोखंडी कठडा आणि मधून ये-जा करणारी माणसं. अशा जागेचे मी उभ्या उभ्या चार फोटो काढले आणि घरी येऊन जोडले. पहिल्या नजरेला पॅनोरमा छान दिसला. मोठा करून पाहिला तेव्हा एका माणसाला धड होतं पण पाय नव्हते, त्याच्या शेजारी एक बाई आरपार दिसत होती आणि कठड्याची आडवी पट्टी मध्येच तुटून दोन बोटं खाली सरकली होती. मी तिन्हींचं खापर सॉफ्टवेअरवर फोडलं आणि ब्लेंडिंगच्या सेटिंगशी अर्धा दिवस खेळत बसलो. तीच पहिली चूक. हे तीन वेगळे आजार होते आणि ब्लेंडिंगचं औषध त्यातल्या एकालाच थोडंफार लागू पडतं.

फोटो जोडताना दोन कामं होतात. आधी सॉफ्टवेअर दोन फोटोंमधल्या सारख्या खुणा शोधतं, उदाहरणार्थ खिडकीचा कोपरा किंवा दगडावरचा डाग. त्यांच्या आधारे एक फोटो वळवून, ताणून दुसऱ्यावर बसवतं. या जोडीच्या खुणांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. हे बसवणं एकाच गृहीतकावर चालतं: कॅमेरा जागच्या जागी फिरला आणि समोरचं दृश्य हललं नाही. दुसरं काम ब्लेंडिंगचं. दोन्ही फोटोंत आलेल्या भागात कुठला पिक्सेल कुठल्या फोटोतून घ्यायचा, हे तिथे ठरतं. माणूस चालला तर गृहीतकाचा दुसरा अर्धा भाग मोडतो, कॅमेरा सरकला तर पहिला. आरपार दिसणारं माणसाचं भूत आणि तुटकी रेघ या दोन वेगळ्या मोडतोडींतून येतात.

आरपार माणूस आणि अर्धा माणूस

आकडे पाहिले की चित्र लगेच स्पष्ट होतं. फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात साधारण 65 अंशांचं दृश्य मावतं, असं धरा. मध्यभागी एका अंशाला सुमारे 55 पिक्सेल येतात. 10 मीटरवरचा माणूस रुंदीला जेमतेम 150 पिक्सेल भरतो. तो सेकंदाला 1.4 मीटर चालतो आणि तुम्ही दोन सेकंदांनी पुढचा फोटो काढता. तेवढ्यात तो जवळजवळ 3 मीटर, म्हणजे 850 पिक्सेलच्या आसपास पुढे गेलेला असतो. दोन्ही जागा सामायिक पट्ट्यात असतील तर सॉफ्टवेअरपुढे प्रश्न उभा राहतो: पहिल्या जागी एका फोटोत माणूस आहे आणि दुसऱ्यात नुसती पायरी, मग खरं कुठलं?

साधं ब्लेंडिंग दोघांची सरासरी काढतं. म्हणून माणूस काचेचा होतो आणि त्याच्यातून पायऱ्या दिसतात. जरा हुशार पद्धत सरासरी न काढता सामायिक पट्ट्यातून एक वाकडीतिकडी जोडरेघ नेते. रेघेच्या एका बाजूला पहिला फोटो, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन्ही फोटो जिथे सारखे दिसतात तिथून रेघ नेण्याचा तिचा प्रयत्न असतो, म्हणून मोकळी जागा मिळाली तर माणूस पूर्ण येतो किंवा पूर्ण गायब होतो. गर्दी असली की मोकळी वाट सापडत नाही, मग रेघ कुणाच्या तरी कमरेतून जाते. थोडक्यात, आरपार माणूस दिसला तर सरासरी काढली गेली आहे आणि चिरलेला माणूस दिसला तर जोडरेघ चुकीच्या जागी गेली आहे.

इथे एक सल्ला मला पटत नाही. 'ओव्हरलॅप जितका जास्त तितकं चांगलं' असं सर्रास सांगितलं जातं. स्थिर दृश्यासाठी ते ठीक आहे. पण शेजारच्या प्रत्येक फोटोशी 30 टक्के सामायिक ठेवलं, तर फोटोचा मधला 40 टक्के भाग, म्हणजे 1600 पिक्सेल, फक्त त्याच फोटोत असतो. तिथल्या माणसाला भूत होण्याची संधीच नाही, कारण त्याची दुसरी प्रत कुठे नाही. ओव्हरलॅप 50 टक्के केला की ही सुरक्षित जागा संपते आणि दृश्याचा जवळजवळ प्रत्येक तुकडा दोनदा येतो. म्हणून माणसं असतील तर मी 30 टक्क्यांच्या आसपास राहतो आणि चालणारा माणूस चौकटीच्या मध्यावर आला की बटण दाबतो. किंवा उलट, कडेचे पट्टे रिकामे होईपर्यंत थांबतो. थांबायला वेळ असेल तर त्याच दिशेचे दोन-तीन फोटो घेऊन ठेवतो, नंतर सर्वांत सोयीचा निवडता येतो.

फोनच्या पॅनोरमा मोडमध्ये एवढी मोकळीक नसते. तो फोन फिरवताना अरुंद पट्ट्या एकापुढे एक चिकटवत जातो. फोन फिरतो त्याच दिशेने चालणारा माणूस जास्त पट्ट्यांत येतो आणि लांबट होतो किंवा दोनदा उमटतो. उलट दिशेने चालणारा चेपला जातो. नंतर दुरुस्तीसाठी मूळ फोटो हातात राहत नाहीत. गर्दीच्या जागी सुटे फोटोच काढा, आणि त्याआधी एक्स्पोजर व फोकस लॉक करा, नाहीतर जोडावर उजेडाचा पट्टा दिसतो.

कठडा कुणी तोडला?

माझ्या फोटोत कठडा 2 मीटरवर होता आणि इमारत 50 मीटरवर. फोटो काढताना मी फोन हात लांब करून धरला आणि स्वतःभोवती वळलो. तेव्हा फोन जागच्या जागी फिरत नाही, तो आपल्याभोवती वर्तुळात प्रवास करतो. 50 सेंटिमीटर लांब धरून 40 अंश वळलात तर लेन्स 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकते. आपण फक्त 10 सेंटिमीटर धरू. तेवढ्याने इमारत 6 पिक्सेल सरकते आणि कठडा 150 पिक्सेलच्या वर. सॉफ्टवेअरने इमारत नीट बसवली की कठडा तुटणार, कठडा बसवला की इमारत तुटणार. दोघांना एकदम बसवणारं वळण अस्तित्वातच नाही. हाच पॅरलॅक्स, आणि त्यात माणसांचा काही दोष नाही.

उपाय फोटो काढतानाच करावा लागतो. फोन लेन्सभोवती फिरायला हवा आणि आपण फोनभोवती. सोपी युक्ती म्हणजे ओळंबा: लेन्सच्या बरोबर खाली दोऱ्याला वजन बांधून सोडा, जमिनीवर एक खूण धरा आणि प्रत्येक फोटोला वजन त्या खुणेवरच ठेवा. ट्रायपॉड असेल तर जवळचा खांब आणि दूरच्या इमारतीची कड एका रेषेत आणा आणि कॅमेरा डावीउजवीकडे फिरवा. दोघं एकमेकांपासून सुटले तर कॅमेरा मागे-पुढे सरकवून पुन्हा बघा. ते एकत्र राहतात ती फिरवण्याची बरोबर जागा. यातलं काहीच शक्य नसेल तर 5 मीटरच्या आतलं सरळ काहीही, म्हणजे कठडा, बाक, फरशीच्या रेघा, चौकटीबाहेर ठेवा.

रेघ तुटण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्यात मात्र माणसं सामील असतात. सॉफ्टवेअरला चालणारा माणूस ओळखता येत नाही. शर्टावरची चौकट त्याच्या दृष्टीने खिडकीइतकीच पक्की खूण. एरवी याने बिघडत नाही, कारण इमारतीवरच्या शेकडो खुणा एक सांगतात आणि शर्टावरच्या दोन-चार दुसरंच, म्हणून त्या वगळल्या जातात. पण मागे कोरी भिंत, आकाश किंवा पाणी असेल तर खुणा सापडतात त्या माणसांवरच. घोळका एकत्र एका बाजूला सरकला असेल तर त्या सगळ्या खुणा एकमताने चुकीचं सांगतात. मग माणसं अगदी स्वच्छ जुळतात आणि मागची जमीन तुटते. जोडावर माणूस धडधाकट आणि त्याच्या पायाखालची फरशी सरकलेली, असं दिसलं की समजा, बहुमत भलत्यांचं झालं.

दुरुस्ती: आधी जुळणी, मग माणसं

मी ह्यूजिन हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो, त्यातलाच क्रम सांगतो. आधी झटपट प्रिव्ह्यूत ब्लेंड मोड `Difference` करा. दोन्ही फोटो तंतोतंत बसले तिथे काळं दिसतं, बसले नाहीत तिथे कडा दुहेरी उजळतात. इमारत काळी, कठडा उजळ आणि माणसांच्या जागी एकटे उजळ आकार, असं दिसलं तर निदान झालं: कठड्याला पॅरलॅक्स, माणसांना हालचाल. इमारतसुद्धा उजळली असेल तर जुळणीच चुकली आहे. मग कंट्रोल पॉइंटच्या यादीत जाऊन माणसं, गाड्या, हलणारी पानं यांच्यावरचे पॉइंट काढून टाका, हवे तर इमारतीवर आणि जमिनीवर हाताने चार-पाच घाला आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा, म्हणजे उरलेल्या पॉइंटवरून जुळणी नव्याने करून घ्या. मोठी चूक दाखवणारा प्रत्येक पॉइंट आंधळेपणाने उडवू नका. माझ्या यादीत कठड्यावरचे पॉइंट मोठी चूक दाखवत होते. ते खरं तेच सांगत होते, फक्त दोन्ही गोष्टी एकदम जमत नव्हत्या. मी इमारतीवरचे ठेवले आणि कठड्यावरचे काढले.

मग माणसं. `Masks` टॅबमध्ये ज्या फोटोत माणूस नको आहे त्यात त्याच्याभोवती रेघ ओढून `Exclude region` निवडा. ज्या फोटोत तो पूर्ण हवा आहे त्यात `Include region`. बिनपायाच्या माणसाला मी दुसऱ्या फोटोतून असा अख्खा घेतला. आरपार बाईला एका फोटोतून वगळलं, दुसऱ्या फोटोतली रिकामी पायरी तिच्या जागी आली. एकाच जागेवर दोन्ही फोटोंत `Exclude region` लावलंत तर तिथे भोक पडतं, कारण भरायला काही उरत नाही. आणि माणसासोबत त्याची सावली मास्कमध्ये घ्यायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि पायऱ्यांवर मालक नसलेली एक लांब सावली कितीतरी दिवस पडून होती.

कठडा मात्र जुळणीने सुटला नाही. शेवटी मास्कच वापरून जोडरेघ मी कठड्याच्या उभ्या खांबावर आणली. आडवी पट्टी आता खांबाच्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला किंचित खाली आहे, पण खांब मध्ये असल्यामुळे डोळ्याला ते खटकत नाही. खांब नसता तर तो खालचा पट्टा कापून टाकला असता.