पैसे कापले, पण ॲपवर ‘प्रोसेसिंग’च

यूपीआयमध्ये तुमच्या बँकेने रक्कम वजा केली, पण समोरच्या बँकेचे उत्तर वेळेत आले नाही, की व्यवहार ‘पेंडिंग’ राहतो. अशा वेळी लगेच पुन्हा पैसे पाठवू नका. पहिला व्यवहार उशिराने पूर्ण झाला, तर पैसे दोनदा जातात. घाईच असेल तर रोख द्या आणि दुकानदाराला ही रक्कम मागाहून जमा होऊ शकते, हे सांगून ठेवा.

आधी बँकेचे स्टेटमेंट पाहा आणि व्यवहाराच्या तपशिलातला बारा अंकी यूटीआर क्रमांक जपून ठेवा. बँक शोध घेते तो याच क्रमांकावरून.

रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी मुदत पाच दिवसांची. समजा, सोमवारी किराणा दुकानात 850 रुपये अडकले, तर शनिवारपर्यंत थांबा. रविवारपासून दिवसाला 100 रुपये भरपाई लागू होते, आणि ती न मागता मिळायला हवी.

मुदत उलटली तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा, शिवाय बँकेकडे लेखी द्या. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांचे नंबर सापडतात. रिफंडसाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.