स्मोकिंग करणाऱ्यांचा लो-डोस सीटी: या चुका टाळा

लो-डोस सीटी म्हणजे कमी रेडिएशनचा छातीचा सीटी स्कॅन, फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून स्क्रीनिंगसाठी करतात तो. तो कोणी करायचा हे ठरवताना सगळ्यात मोठा घोळ होतो तो पॅक-इयरच्या हिशोबात. रोज २० सिगरेटचं एक पाकीट असं वर्षभर ओढलं की झालं एक पॅक-इयर. अमेरिकेत २०२१ पासूनचा नियम असा की वय ५० ते ८०, निदान २० पॅक-इयर, आणि सिगरेट अजून चालू असेल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील, तर दरवर्षी लो-डोस सीटी करायचा. आता ५८ वर्षांचा एक माणूस घ्या, तो डॉक्टरना सांगतो "रोज दहाच ओढतो, तीस वर्षं झाली", म्हणजे १५, बसत नाही नियमात. पण नीट विचारलं तर कळतं की पहिली वीस वर्षं रोज पूर्ण पाकीट संपायचं, दहा हा आकडा गेल्या दहा वर्षांतला. म्हणजे २० अधिक ५, झाले की २५! त्यामुळे आत्ताचा आकडा सांगून थांबू नका, आधीचाही सांगा.

दुसरी चूक, साधा छातीचा एक्स-रे काढून निश्चिंत होणं. २०११ साली आलेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात एक्स-रेवाल्यांपेक्षा लो-डोस सीटीवाल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी निघाले. आणि थुंकीतून रक्त येतंय, वजन विनाकारण उतरतंय, तर स्क्रीनिंगची वाट बघायची नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं, कारण स्क्रीनिंग हे काहीच त्रास नसलेल्यांसाठी असतं.

आता रिपोर्ट. समजा वरच्याच माणसाच्या पहिल्या स्कॅनमध्ये लिहून आलं "७ मिमी सॉलिड नोड्युल, लंग-रॅड्स ३". नोड्युल म्हणजे छोटी गाठ, आणि लंग-रॅड्स म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते सांगणारी कॅटेगरी, आकडा जितका मोठा तितका संशय जास्त. घरचे नोड्युल म्हणजे कॅन्सरच धरून चालतात आणि बायोप्सीच्या मागे लागतात. खरं तर या कॅटेगरीत कॅन्सर निघतो शंभरात एखाद-दुसऱ्याला, बाकीचे बहुतेक जुन्या इन्फेक्शनचे वण वगैरे असतात, म्हणून सल्ला असतो सहा महिन्यांनी परत लो-डोस सीटी. छातीचा जुना सीटी कुठे पडला असेल तर तो आधी शोधून रेडिओलॉजिस्टला द्या, गाठ तेव्हाही तेवढीच होती असं दिसलं तर कॅटेगरीसुद्धा खाली येऊ शकते.

सहा महिन्यांनी ७ चे ७.४ मिमी आले म्हणून झोप उडवून घेऊ नका, मोजण्यातच तेवढा फरक पडतो, १२ महिन्यांच्या आत दीड मिमीपेक्षा जास्त वाढ झाली तरच ती वाढ धरतात. मात्र "काही होत नाही हो" म्हणून तो दुसरा स्कॅन बुडवणं ही माझ्या मते घाबरण्यापेक्षा वाईट चूक, कारण गाठ वाढतेय का ते त्याच्याशिवाय कळतच नाही. ४ए आलं तर सहसा तीन महिन्यांनी स्कॅन, ४बी ला मात्र पुढच्या तपासण्या लगेच, पेट स्कॅन किंवा बायोप्सी.

आणि १ किंवा २ आलं की पुढचा स्कॅन वर्षाने. ते बघून नवं पाकीट फोडणारेही असतात, पण रिपोर्ट फक्त त्या दिवशीच्या फुप्फुसांबद्दल बोलतो.