नेस्टेड लिस्ट मार्कडाउनमध्ये आणताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके. एखाद्या पानावरून तालुक्यांची क्रमांकित यादी, प्रत्येक तालुक्याखाली गावं, अशी उचलली की ९ नंबरपर्यंत मार्कडाउन झकास दिसतं आणि १० वर बिघडतं:

```
9. निफाड
   - लासलगाव
10. येवला
   - अंदरसूल
11. दिंडोरी
   - वणी
```

लासलगाव निफाडच्या पोटात बसतं. अंदरसूल मात्र डावीकडे सरकून येवल्याच्या बरोबरीला येतं, आणि ११ पासून वेगळीच यादी सुरू होते. नजरेला सगळ्या गावांची जागा सारखीच दिसते, म्हणून चूक सापडत नाही. मार्कडाउनचे नियम नेमके ठरवणाऱ्या कॉमनमार्कनुसार पोटयादी वरच्या ओळीतलं नाव जिथे सुरू होतं, निदान तिथपर्यंत आत हवी. `9.` आणि एक स्पेस मिळून ३ जागा होतात, `10.` आणि स्पेस मिळून ४. त्यामुळे तीनच जागा आत असलेलं अंदरसूल येवल्याचं राहत नाही.

सोपा उपाय म्हणजे सगळीकडे ४ स्पेस:

```
9. निफाड
    - लासलगाव
10. येवला
    - अंदरसूल
```

पायथन-मार्कडाउनला तर मुळातच ४ लागतात, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. फक्त आकड्यानंतर एकच स्पेस ठेवा. दोन पडल्या तर `10.` ची रुंदी ५ होते आणि पुन्हा गोंधळ. नंबर शंभरावर गेले तरी ४ पुरणार नाहीत, पण इतकी लांब यादी तोडलेलीच बरी.

कधी गडबड मूळ एचटीएमएलमध्येच असते. क्रोमच्या इन्स्पेक्टरमध्ये यादीवर राइट क्लिक करून `Copy` मधून `Copy outerHTML` घ्या आणि असं काही दिसतं का पाहा:

```
<li>येवला</li>
<ul><li>अंदरसूल</li></ul>
```

`</li>` आधीच बंद झाला, म्हणजे पोटयादी येवल्याबाहेर पडली. ब्राउझर तरीही ती आत सरकवून दाखवतो, त्यामुळे पानावर शंका येत नाही. काही कन्व्हर्टर मात्र तिला स्वतंत्र नोंद समजतात आणि मध्येच रिकामा नंबर उगवतो. तो `</li>` उचलून `</ul>` नंतर ठेवा, `yadi.html` नावाने सेव्ह करा, मगच pandoc या कन्व्हर्टरने बदला:

```
pandoc -f html -t gfm yadi.html -o yadi.md
```

मराठी पानांची एक खास खोड: आकडे देवनागरीत टाइप केलेले असतात. कॉमनमार्कला क्रमांकासाठी फक्त 0 ते 9 कळतात. `१. निफाड` ही त्याच्या लेखी साधी ओळ, म्हणून सलग तालुके एकाच परिच्छेदात चिकटतात. आधी आकडे बदला.

एवढं करूनही एखादी ओळ हटून बसली, तर तिच्या सुरुवातीची जागा पुसून स्पेसबारने पुन्हा टाइप करा. कॉपीबरोबर `&nbsp;` ची न तुटणारी स्पेस आलेली असते. ती दिसते स्पेससारखी, पण मार्कडाउन तिला इंडेंट म्हणून मोजत नाही.