अंगात पाणी साचलेल्या रुग्णाचा फेज अँगल वाचताना या चुका टाळा

चवथीनंतरच्या सोमवारी आमच्या डायलिसिस विभागातील खाटा भरतात, तेव्हा बहुतेकांचे पाय सुजलेले असतात. शुक्रवारनंतर दोन दिवसांचा खंड पडलेला असतो, आणि त्यात पाहुण्यांबरोबर खाल्लेले खतखते, दुपारची पेज आणि सोलकढी यांचा हिशेब पाण्यात कोणीच धरत नाही. नेमक्या याच सकाळी बायोइम्पिडन्स यंत्र लावून फेज अँगल काढायचा आणि तो कमी आला म्हणून ‘कुपोषण’ असा शेरा मारायचा, ही चूक मी स्वतः केलेली आहे.

यंत्र मनगट आणि घोटा यांवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून ५० किलोहर्ट्झचा अतिसौम्य प्रवाह सोडते आणि दोन गोष्टी मोजते. विरोध, म्हणजे R, प्रामुख्याने शरीरातील पाण्यावर अवलंबून असतो, तर रिअॅक्टन्स, म्हणजे Xc, हा पेशींच्या पडद्यांमुळे येतो, कारण ते पडदे लहान कॅपॅसिटरसारखे वागतात. या दोहोंच्या गुणोत्तरावरून फेज अँगल, म्हणजेच कोन, निघतो:

PhA = arctan(Xc / R) × 180 / π

पेशींबाहेर पाणी साचले की प्रवाहाला पेशींना वळसा घालून जाण्याची सोपी वाट मिळते. त्यामुळे R तर उतरतोच, पण Xc त्याहून अधिक प्रमाणात उतरतो आणि कोन लहान होतो. स्नायू झिजल्यानेही कोन लहानच होतो. यंत्रावरचा आकडा या दोन कारणांत भेद करत नाही.

उदाहरणादाखल १.५५ मीटर उंचीच्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या एका महिलेची मापे पाहू. सोमवारी सकाळी R ४२० ओहम आणि Xc ३२ ओहम, म्हणजे कोन ४.४ अंश. चार तासांत तीन लिटर पाणी काढून अर्धा तास विश्रांती दिल्यावर R ५१० आणि Xc ४६ झाला, म्हणजे कोन ५.२ अंश. चार तासांत कोणाचेही स्नायू वाढत नाहीत. हा फरक पाण्याचा होता, आणि म्हणून सकाळच्या ४.४ वरून आहाराविषयी निष्कर्ष काढणे गैर ठरले असते.

परंतु ५.२ हाच तिचा खरा आकडा मानणे ही दुसरी चूक. घोट्यावर बोट दाबले तर अजून खळगा पडत होता आणि रक्तदाबही चढाच होता, म्हणून डॉक्टरांनी तिचे कोरडे वजन, म्हणजे जादा पाणी काढल्यावर गाठायचे वजन, तीन आठवड्यांत हळूहळू दोन किलोंनी खाली आणले. त्यानंतर डायलिसिसनंतरचे माप R ५६० आणि Xc ५२ आले, म्हणजे कोन ५.३ अंश. R वाढत राहिला, कोन मात्र जवळजवळ थांबला. पाणी उतरल्यावर उरलेला हा कोन पेशींविषयी काही सांगू शकतो. तो वय आणि लिंगानुसार अपेक्षित मर्यादेखाली असेल तरच, हाताची पकड आणि प्रत्यक्ष खाणे तपासून, प्रथिनांचा विचार करावा.

येथे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची साक्ष काढण्याचा मोह होतो, पण जादा पाण्याने रक्तही पातळ होते. मग कोन कमी, अल्ब्युमिनही कमी, आणि दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला असे वाटते, प्रत्यक्षात दोघांमागे कारण एकच असू शकते. यंत्राने दाखवलेले ‘चरबीविरहित वस्तुमान’ तर त्याहून फसवे असते, कारण सुजेतले पाणीही त्यात धरले जाते. वजन स्थिर, चरबीविरहित वस्तुमान उत्तम आणि रुग्ण मात्र जिना चढताना दमतो, हे चित्र दिसले तर झिजलेल्या स्नायूंची जागा पाण्याने घेतली असण्याची शंका घ्यावी.

केवळ कोन न पाहता R आणि Xc हे दोन्ही आकडे उंचीने भागून नोंदवावेत. या महिलेचा R/H सोमवारी २७१ होता, डायलिसिसनंतर ३२९ आणि तीन आठवड्यांनी ३६१ झाला. R/H आणि Xc/H हे दोन अक्षांवर मांडले की पाणी जास्त असलेल्या रुग्णाची रेषा आखूड दिसते, ती गोष्ट एकट्या कोनात दडून जाते.

जलोदर असलेल्या यकृताच्या रुग्णात आणखी सावध राहावे. धडात वजनाचा मोठा वाटा असला तरी मनगट-घोटा मापात धडाचा वाटा फार थोडा असतो, त्यामुळे पोटात कित्येक लिटर पाणी असूनही यंत्राला ते नीट जाणवत नाही.

मापाची शिस्त मात्र साधी आहे. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातावर केलेल्या फिस्टुलाच्या विरुद्ध बाजूला, दर वेळी त्याच बाजूला, दहा मिनिटे उताणे निजवून, हातपाय अंगाला न टेकवता माप घ्यावे. आमच्याकडच्या दमट हवेत घामाने इलेक्ट्रोड सुटतात, म्हणून त्वचा स्पिरिटने पुसून वाळू द्यावी, आणि प्रवाह सोडणाऱ्या व मोजणाऱ्या इलेक्ट्रोडमध्ये किमान पाच सेंटिमीटर अंतर ठेवावे. पेसमेकर असलेल्यांना हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय यंत्र लावू नये. नोंदवहीत आकड्याशेजारी ‘आधी’ की ‘नंतर’, किती पाणी काढले आणि त्या दिवशीचे वजन किती, हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये.