उघड्या रायझरचा जिना रेंडर करताना या चुका टाळा

पुण्यातल्या एका रो-हाउसच्या जिन्याचा रेंडर मी पाठवला होता. घरमालकांना तो आवडला. रेलिंग करणाऱ्या फॅब्रिकेटरने मात्र मोबाइलवर चित्र मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, वळणावर पाइप तोडायचा का?" मी पुन्हा पाहिलं, तर खालच्या फ्लाइटचा हँडरेल लँडिंगपाशी संपत होता आणि वरच्या फ्लाइटचा जवळजवळ पावणेदोनशे मिलिमीटर वरून सुरू होत होता. मध्ये मी एक उभा तुकडा घालून वेळ मारून नेली होती. मॉडेल उघडल्यावर कळलं की चूक फक्त रेलिंगमध्ये नव्हती.

जिना साधा होता, अर्ध्यावर लँडिंग घेऊन उलटा फिरणारा. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची ३१५० मिमी. १८ रायझर, म्हणजे पायऱ्यांमधले उभे टप्पे, घेतले तर प्रत्येकी १७५ मिमी. पायरीची रुंदी ठरवताना फ्रेंच वास्तुशिल्पी ब्लोंदेलचा १७व्या शतकातला नियम अजून कामाला येतो: दोन रायझर आणि एक पायरी मिळून साधारण ६०० ते ६४० मिमी भरायला हवेत. इथे ३५० अधिक २७० म्हणजे ६२०. मी मात्र ३०० ची पायरी ठेवली होती, ‘ऐसपैस दिसेल’ म्हणून. बेरीज ६५० झाली आणि चित्रातला जिना बंगल्याऐवजी सरकारी कचेरीचा वाटायला लागला. बघणाऱ्याला आकडे माहीत नसतात, पण रोज जिना चढणाऱ्या पायांना ते कळतं.

दुसरी गफलत मोजणीची. एका फ्लाइटमध्ये ९ रायझर असतील तर पायऱ्या ८ लागतात, कारण नववा रायझर चढलात की तुम्ही लँडिंगवरच असता. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या Array मध्ये, म्हणजे एकाच फळीच्या ओळीने प्रती काढणाऱ्या साधनात, बिनधास्त ९ टाकले, तर शेवटची पायरी लँडिंगमध्ये घुसते आणि तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर येऊन काळे-पांढरे डाग दिसतात. रेंडरमध्ये असा डाग दिसला की नॉइज कमी करायला जाण्याआधी पायऱ्या मोजा. तसंच पहिली पायरी बुटकी दिसत असेल, तर बहुतेक वेळा उंची स्लॅबपासून धरलेली असते आणि फरशी नंतर चढवलेली असते. ६० मिमीची फरशी आली की १७५ चा पहिला रायझर ११५ चा होतो.

आता उघडे रायझर. फळ्या एकमेकींच्या काठाला काठ लावून ठेवल्या तर वरून पाहताना बरोबर फटीवर नजर जाते आणि जिना कच्चा वाटतो. खऱ्या कामात वरची पायरी खालच्या पायरीवर थोडी चढलेली असते. मी २५ मिमी धरतो. म्हणजे फळी २९५ ची, पण पुढची पायरी २७० वर. ब्लेंडरमध्ये इथेच लोक फसतात, कारण Array चा Relative Offset वस्तूच्या स्वतःच्या मापावरून सरकतो. १ ठेवलात की फळ्या काठाला काठच लागणार. तो बंद करून मापं थेट द्या:

```
Count: 8
Constant Offset: X 0.27   Y 0   Z 0.175
```

त्याआधी Ctrl+A → Scale करायला विसरू नका. वस्तूचं Scale १ नसेल तर हे आकडेही त्या पटीत बदलतात आणि माप चुकलं कुठे ते शोधण्यात दुपार जाते.

फळीची जाडी हा आणखी एक मुद्दा. ५० मिमीची फळी नाजूक आणि छान दिसते, पण मग मोकळी फट १२५ ची उरते. लहान मूल अडकू नये म्हणून अनेक देशांच्या नियमांत ही फट १०० मिमीच्या आत ठेवतात. या घरात दोन वर्षांची मुलगी होती, त्यामुळे फळी ८० ची केली. फट ९५ झाली.

हँडरेलचा घोळ सुटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि उत्तर निघालं भूमितीचं. दोन्ही फ्लाइट लँडिंगच्या एकाच रेषेवर संपत-सुरू होत असतील, तर त्या रेषेवर खालची फ्लाइट लँडिंगच्या पातळीला असते आणि वरचीची पहिली पायरी त्याहून एक रायझर वर. दोन्ही हँडरेल पायऱ्यांच्या नाकापासून, म्हणजे पुढच्या काठापासून, ९०० वर ठेवले, तर त्यांच्यात तेवढाच, १७५ चा फरक पडणार. दोन्ही पाइप त्यांच्या उतारातच लँडिंगकडे अर्धी पायरी, म्हणजे १३५ मिमी, पुढे न्या. खालचा पाइप ८७.५ ने चढतो, वरचा तेवढाच उतरतो, आणि दोन्ही ९८७.५ वर भेटतात. तिथे त्यांना आडव्या वळणाने जोडायचं. लँडिंगची रुंदी १३५ ने कमी होते हे खरं. तेही नको असेल तर वरची फ्लाइट एक पूर्ण पायरी मागे सरकवा. मग पाइप लँडिंगच्या रेषेवरच जुळतात, पण जिन्याची लांबी २७० ने वाढते.

हा पाइप तुकड्यांत न करता एकाच Curve ने काढा. कोपरे टोकदार ठेवले तर Bevel दिलेला पाइप वळणावर चिमटल्यासारखा बारीक होतो, म्हणून तिथे गोलाई द्या. चौकोनी लाकडी हँडरेल असेल तर तो चढावर पीळ घेतो. Twist Method मध्ये Z-Up निवडला की सरळ राहतो. आणि उभे बार नेहमी ओळंब्यात असावेत. बार Curve च्या उताराबरोबर कलले असतील तर काहीतरी बिघडलंय हे लांबूनच दिसतं.

सावल्यांत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पट्ट्या. उघड्या जिन्याखाली उजेड आणि सावली निम्मी-निम्मी पडेल असं वाटतं, पण तसं होत नाही. आमची फ्लाइट दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत होती आणि दक्षिणेला उंच खिडकी होती. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. वरच्या मापांनी हिशेब केला तर जमिनीवर उजेडाची पट्टी ६० मिमीची येते आणि तिच्यापुढची सावली जवळजवळ ३७० ची. मेच्या मध्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा २५ मिमीच्या चढलेल्या काठामुळे पट्ट्या येतच नाहीत. याच दिशेने येणाऱ्या उन्हाने साधारण ७५ अंश ओलांडले की फट बंद होते. तेव्हाही रेंडरमध्ये उजेडाच्या रेघा दिसत असतील, तर फळ्या एकमेकींवर चढलेल्या नाहीत असं समजा.

‘मऊ सावली’ हवी म्हणून Sun चा Angle १० अंश करणारे मी बरेच पाहिलेत. खऱ्या सूर्याचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं असतं. ०.५३ ठेवलं तर दोन मीटरवरून पडणाऱ्या सावलीची कड साधारण १९ मिमी धूसर होते आणि खालच्या पायऱ्यांची दोन-तीन मिमीच. वर मऊ, खाली धारदार, हा फरकच ऊन खरं वाटायला लावतो. १० अंशांवर हीच धूसर कड ३५० मिमीची होते, म्हणजे ६० ची पट्टी पुसलीच गेली. मऊपणा हवा असेल तर तो आकाशाच्या उजेडातून आणा, सूर्य अर्ध्या अंशावरच राहू द्या.

पायऱ्यांच्या खालच्या बाजू मात्र अजून कोळशासारख्या येत होत्या. Diffuse चे Bounces कुणीतरी, म्हणजे मीच, वेळ वाचवायला १ वर ठेवले होते. ४ केल्यावर जमिनीवरून उसळलेला उजेड फळ्यांच्या पोटाला लागला आणि सागाचे रेषे दिसायला लागले.