एअरबॅग उघडली नाही, पण बेल्ट उडाला : धडकेनंतर दिवा विझवताना या चुका टाळा

कापसाच्या हंगामात पारोळा-एरंडोल पट्ट्यात रात्री उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर मागून कार आदळते, हे आमच्या जळगावकडच्या गॅरेजवाल्यांना नवीन नाही. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने माखलेला असतो. चालक शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो, त्यामुळे वेग बराच उतरतो. बंपर, बोनेट आणि रेडिएटर जातात, पण एअरबॅग उघडत नाहीत. घरचे म्हणतात, थोडक्यात निभावलं. गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते, चकाचक होऊन परत येते आणि मीटरवर लाल दिवा तसाच राहतो : बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा.

अशीच अमळनेरची एक हॅचबॅक माझ्याकडे आली. पत्र्याचं काम उत्तम झालेलं होतं. मालकाची मागणी एका ओळीची होती : “भाऊ, दिवा तेवढा बंद करी दे.” त्यांचीही चूक नव्हती. एअरबॅग जागेवर आहेत म्हटल्यावर सुरक्षेचं सगळंच शाबूत आहे, असं कुणालाही वाटेल.

एअरबॅग नाही उघडली म्हणजे काही उडालं नाही, हा समज

सीट बेल्टच्या रिळात किंवा बकलच्या बुडाशी एक छोटा स्फोटक भाग असतो, त्याला प्रिटेन्शनर म्हणतात. धडक जाणवताच एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे ती उडवायची की नाही हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी, त्याला करंट देतं, आतला दारूगोळा पेटतो आणि गॅसच्या दाबाने बेल्ट काही सेंटिमीटर मागे ओढला जातो. पापणी लवायच्या आत अंगावरचा सैल बेल्ट घट्ट होतो. बऱ्याच गाड्यांत प्रिटेन्शनर उडायला लागणारी धडक ही एअरबॅग उघडायला लागणाऱ्या धडकेपेक्षा कमी असते. म्हणून मध्यम धडकेत बेल्ट उडतात आणि एअरबॅग तशाच राहतात. फटाक्यासारखं हे एकदाच चालतं.

या हॅचबॅकमध्ये चालकाचा बेल्ट अर्ध्यावर अडकला होता, सोडला तर आत जात नव्हता. शेजारच्या सीटचा बेल्ट मात्र छान ओढला जाई आणि छान परतही जाई. फसगत इथेच होते. काही रिळं उडाल्यानंतरही साध्या बेल्टसारखी फिरत राहतात. बकलमधला प्रिटेन्शनर उडाला असेल तर बकल खाली बसलेलं दिसतं आणि खालचं प्लास्टिकचं आवरण चुरगळलेलं असतं. रिळाचा प्रिटेन्शनर दोन दारांमधल्या खांबाच्या आत असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. हाताने ओढून ‘बेल्ट चालू आहे’ असं ठरवू नका. खात्री फक्त स्कॅनर देतो, तोही एअरबॅगचं मॉड्यूल वाचणारा. मोबाइलला जोडायचं स्वस्त यंत्र बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतं आणि एअरबॅगपर्यंत पोचत नाही.

स्कॅनर लावल्यावर तीन नोंदी निघाल्या. दोन्ही पुढच्या प्रिटेन्शनरच्या सर्किटवर Resistance Too High, आणि तिसरी Crash Data Stored.

रेझिस्टर टाकून दिवा विझवणं

सगळ्यांत घातक चूक हीच आहे, आणि ती सर्रास होते.

इग्निशन चालू होताच मॉड्यूल प्रत्येक एअरबॅग आणि प्रिटेन्शनरच्या तारेतून अगदी बारीक करंट सोडून रेझिस्टन्स मोजतं. चांगल्या प्रिटेन्शनरचा रेझिस्टन्स साधारण 2 ओहमच्या आसपास असतो. तो उडाला की आतली बारीक तार बहुधा जळून तुटते, सर्किट उघडं पडतं आणि मॉड्यूल दिवा लावतं. मग कुणीतरी खांबाच्या आतलं पिवळं कनेक्टर काढतो, त्यात 2.2 ओहमचा रेझिस्टर खुपसतो आणि टेप गुंडाळतो. मॉड्यूलला हवा तो आकडा मिळतो. चार-दोन रुपयांत काम होतं, गिऱ्हाईक खूश होतं.

पुढच्या धडकेत मॉड्यूल ठरल्याप्रमाणे करंट सोडेल, पण तो त्या रेझिस्टरमध्ये जाईल. बेल्ट ओढला जाणार नाही. एअरबॅगचं सगळं गणित मात्र बेल्टने माणूस सीटला धरून ठेवला आहे, या हिशोबावर बसवलेलं असतं. एअरबॅग पूर्ण फुगायला सेकंदाचा शंभरावा भाग तीन-चारदा मोजावा इतकाच वेळ लागतो. तेवढ्यात सैल बेल्टमधला माणूस पुढे सरकलेला असेल, तर फुगत असलेली पिशवी त्याच्या तोंडावर आदळते. दिवा लागलेल्या गाडीत निदान मालकाला कळतं तरी की काहीतरी बिघडलंय. रेझिस्टरवाल्या गाडीत तेही कळत नाही, आणि ती गाडी विकली गेली तर पुढच्या घरालाही कळत नाही.

तोच 2 ओहमचा रेझिस्टर तपासणीत आम्हीही वापरतो, हे सांगायला हवं. प्रिटेन्शनर काढून त्या जागी तात्पुरता रेझिस्टर लावला आणि नोंद बदलली, तर दोष प्रिटेन्शनरमध्ये आहे. तरीही Resistance Too High येत राहिलं, तर वायर किंवा कनेक्टर तुटका आहे. उत्तर मिळालं की रेझिस्टर बाहेर निघाला पाहिजे. या गाडीत नोंद लगेच बदलली, म्हणजे वायरिंग ठीक होतं आणि दोन्ही बेल्ट उडालेले होते. मल्टिमीटरची टोकं न उडालेल्या प्रिटेन्शनरला किंवा एअरबॅगला कधीही लावू नका. मीटरच्या करंटनेही तो उडू शकतो, आणि तेव्हा तुमचा हात त्याच्यावर असतो.

बेल्ट बदलायचा म्हणजे रिळासकट पूर्ण सेट बदलायचा. पट्टा तेवढा चांगला दिसतो म्हणून जुना ठेवायचा नाही. बऱ्याच रिळांत छातीवर फार दाब येऊ नये म्हणून एक दांडी असते, जोराच्या धडकेत ती पिळून थोडा पट्टा सोडते. ती एकदा पिळली की पुन्हा तसं काम देत नाही, आणि ती बाहेरून दिसतही नाही.

मॉड्यूलचं काय?

गिअर लिव्हरच्या पुढे, कन्सोलखाली फरशीला बोल्टने घट्ट बसवलेली डबी म्हणजे हे मॉड्यूल. धडक मोजणारा सेन्सर तिच्यात असतो, आणि बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडवता यावी म्हणून वीज साठवणारा कपॅसिटरही असतो. उडवण्याचा आदेश दिल्याची नोंद ती कायमच्या मेमरीत लिहून ठेवते. बॅटरीची तार रात्रभर काढून ठेवा, असा सल्ला धुळ्यापासून भुसावळपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. ही मेमरी विजेवर जगत नाही, त्यामुळे त्याने काहीच पुसलं जात नाही.

एअरबॅग उडाल्यावर बहुतेक मॉड्यूल ही नोंद कुलूपबंद करतात. स्कॅनरवर क्लिअर दाबलं तरी ती जात नाही. कंपनीने ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, म्हणजे धडक खाल्लेली डबी कुणी परत वापरू नये. फक्त प्रिटेन्शनर उडाले असतील तर मात्र गाडीगणिक फरक पडतो. काही मॉड्यूल अशा धडकेनंतर ठरावीक वेळा परत वापरायची परवानगी देतात, काही पहिल्याच वेळी बंद होतात. म्हणून त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल उघडून बघायचं, अंदाजाने चालायचं नाही. या हॅचबॅकमध्ये नवे बेल्ट बसवल्यावर दोन्ही रेझिस्टन्सच्या नोंदी पुसल्या गेल्या, Crash Data Stored मात्र हललं नाही. मॅन्युअलही बदला म्हणत होतं, म्हणून मॉड्यूल बदललं.

इथे दोन पळवाटा सुचवल्या जातात. पहिली, मॉड्यूल पाठवून मेमरी ‘रिसेट’ करून आणायची. त्यात नोंद पुसली जाते हे खरं, पण धडकेत हादरलेला सेन्सर, कपॅसिटर आणि आतले जोड पहिल्यासारखे आहेत का, हे त्या पुसण्याने सिद्ध होत नाही. माझ्या गाडीत मी ते बसवणार नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्याही बसवत नाही. दुसरी, भंगारातून तसंच दिसणारं मॉड्यूल आणायचं. दोन एअरबॅगच्या गाडीचं आणि सहा एअरबॅगच्या गाडीचं मॉड्यूल दिसायला सारखं असू शकतं, आत ठरवलेल्या मर्यादा वेगळ्या असतात. शिवाय त्याच्या पोटात दुसऱ्याच गाडीची धडक नोंदलेली असू शकते.

नवं मॉड्यूल बसवताना त्यावरचा बाण मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दिशेला ठेवायचा आणि बोल्ट सांगितलेल्या टॉर्कने आवळायचे. सैल डबी धडक चुकीची मोजते. त्याआधी इग्निशन बंद करायचं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं. काही गाड्यांत तो एक मिनिट असतो, काहींत बराच जास्त. तेवढ्यात कपॅसिटर रिकामा होतो. मग नवं मॉड्यूल त्या गाडीसाठी कोड करायचं. कोडिंग राहिलं तर सगळे भाग नवे असूनही दिवा जळत किंवा लुकलुकत राहतो.

पुसण्याची वेळ

पेंटिंगवाल्याने सीट काढताना किंवा स्टिअरिंग उघडताना कनेक्टर सोडलेलं असताना कुणी इग्निशन चालू केलं, तर मॉड्यूल तो दोषही लिहून ठेवतं. कनेक्टर परत जोडला तरी जुनी नोंद राहते, आणि काही गाड्यांत ती पुसेपर्यंत दिवा जात नाही. म्हणून पुसणं टाळता येत नाही, पण ते शेवटी करायचं. आधी पुसलं तर चालू दोष पुढच्याच तपासणीत परत येतो, आणि काय झालं होतं हे सांगणारा पुरावा हातचा जातो. पहिल्या स्कॅनचा फोटो किंवा प्रिंट काढून ठेवा. विम्याच्या सर्व्हेयरला तो दाखवावा लागतो. एअरबॅग उघडल्या नसताना बेल्ट आणि मॉड्यूल का लागतात, हे बाहेरून पाहून त्यालाही पटत नाही. गाडी उघडण्याआधीच हे अंदाजपत्रकात आलं तर पुढचा वाद टळतो. एअरबॅगही उघडल्या असतील, तर साध्या पॉलिसीत एअरबॅगवर 50 टक्के घसारा कापला जातो, झिरो डेप घेतलेलं असेल तर तो वाचतो. रेझिस्टरचा मोह बहुतेक वेळा याच पैशांपायी होतो.

या गाडीत कोडिंगनंतर सगळ्या नोंदी पुसल्या, इग्निशन बंद करून परत चालू केलं. दिवा पाच-सहा सेकंद लागला आणि विझला. मग गतिरोधकांवरून एक फेरी मारून पुन्हा स्कॅन केला, नोंद शून्य. इग्निशन चालू केल्यावर दिवा मुळीच लागत नसेल, तर ती चांगली खूण नव्हे. कुणीतरी मीटरमधला दिवाच काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर सगळ्यांत आधी हे बघा.

गाडी परत घेताना गॅरेजकडून तीन गोष्टी मागा : उडालेले जुने बेल्ट, नव्या बेल्टचे आणि मॉड्यूलचे पार्ट नंबर असलेलं बिल, आणि कामाआधीचा व कामानंतरचा असे दोन्ही स्कॅन रिपोर्ट.